इअरबड्स भलत्याच फोनला जोडले जातात किंवा एकाच कानात वाजतात? पेअरिंग रिसेट करायचा बरोबर क्रम

"रिसेट करून बघितलं, तरी परत तेच होतंय" असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी रिसेट खरंच केलेलं असतं, फक्त उलट्या क्रमाने केलेलं असतं. बड्स आधी रिसेट करतात, फोनमधलं जुनं नाव तसंच ठेवतात, शेजारी लॅपटॉपचं ब्लूटूथ चालू असतं, मग एकच बड केसमधून काढून घाईघाईत फोनला जोडतात आणि दुसरा बड कायमचा बाजूला पडतो. म्हणून इथे क्रमावरच जास्त लिहितोय. हे सगळं वायर नसलेल्या, दोन सुट्या बड्सच्या जोडीबद्दल आहे, नेकबँडबद्दल नाही.

## आधी एवढंच लक्षात घ्या

पेअरिंगची नोंद एका जागी नसते. फोनमधे असते, डाव्या बडमधे असते आणि उजव्या बडमधेही असते. शिवाय डाव्याने उजव्याला आणि उजव्याने डाव्याला ओळखायची नोंद वेगळी, म्हणजे डावा-उजवा एकमेकांना सापडले नाहीत तर फोन कितीही चांगला असला तरी आवाज एकाच कानात येणार.

केसमधून बड बाहेर काढला की तो आपोआप चालू होतो आणि आधी शेवटच्या वापरातलं डिव्हाइस शोधतो. ते जवळपास सापडलं नाही तर आठवणीतल्या दुसऱ्याकडे जातो. तुम्ही रात्री लॅपटॉपवर सिनेमा बघितला असेल तर सकाळी बड्स लॅपटॉपकडेच जाणार, आणि ब्लूटूथला साधारण १० मीटरपर्यंत पोच असते त्यामुळे लॅपटॉप आतल्या खोलीत असला तरी पुरतं. बड्समधे एकाच वेळी दोन डिव्हाइस धरून ठेवायची सोय म्हणजे मल्टिपॉइंट नसेल, तर लॅपटॉपने ते धरून ठेवलेत तोवर फोनच्या हाती लागत नाहीत. हा बिघाड नाही, ते तसंच चालतं. पण त्यावर एकाच कानातला आवाज किंवा दुसऱ्याच्याच फोनचा आवाज येत असेल तर खालचे टप्पे करा.

## टप्पा १: रिसेटच्या आधी दोष नक्की कुठे आहे ते बघा

हा टप्पा जवळजवळ सगळे टाळतात आणि इथेच वेळ वाया जातो, कारण निम्म्या तक्रारींना रिसेट लागतच नाही.

समजा उजव्या कानात आवाज नाही. डावा बड केसमधे ठेवा, झाकण बंद करा, आणि फक्त उजवा बाहेर काढून फोनला जोडून बघा. आता तीन गोष्टी होऊ शकतात.

उजवा एकटा व्यवस्थित वाजला तर बड चांगला आहे, डाव्याशी त्याचं जुळलेलं तुटलंय. याला रिसेट हाच उपाय.

उजवा जोडला गेला पण आवाज नाही किंवा अगदी बारीक येतोय, तर जाळी तुंबलेली असू शकते किंवा फोनमधला बॅलन्स एका बाजूला सरकलेला असू शकतो. आयफोनवर `Settings > Accessibility > Audio & Visual` मधे `Balance` ची पट्टी मधोमध आहे का बघा. अँड्रॉइडवर पण `Accessibility` मधेच आवाजाच्या सेटिंगमधे अशी पट्टी असते, नाव कंपनीगणिक थोडं वेगळं. घरातल्या लहान मुलाच्या हाती फोन गेला असेल तर हे आधी बघा, ही पट्टी चुकून सरकते आणि माणूस नवे बड्स घेऊन येतो, आणि नव्यातही तेच.

उजव्याचा लाइटच लागत नाही, तर तो चार्जच होत नाहीये. सरळ टप्पा २.

तपासणी: तेच बड्स दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर लावून बघा. तिथे दोन्ही कानांत नीट वाजत असतील तर दोष तुमच्या फोनच्या सेटिंगमधे आहे, बड्सना हात लावू नका.

फक्त लॅपटॉपवर मीटिंग चालू असताना आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येत असेल तर ते पण वेगळं प्रकरण. माइक वापरायला लागला की विंडोज बड्सना कॉलच्या मोडमधे टाकतं, त्यात आवाज मोनो आणि हलका होतो, काही जुन्या बड्समधे तर एकाच बाजूने येतो. मीटिंगचं अ‍ॅप पूर्ण बंद करून गाणं लावा. नीट वाजलं तर रिसेटची गरज नाही, मीटिंगसाठी लॅपटॉपचाच माइक निवडा म्हणजे बड्स गाण्याच्या मोडमधेच राहतात.

## टप्पा २: साफ करा आणि दोन्ही पूर्ण चार्ज करा

बडच्या खाली दोन-तीन बारीक सोनेरी ठिपके असतात आणि केसच्या खाचेत तेवढेच पिन. चार्जिंग तिथूनच होतं, आणि बड केसमधे आहे की बाहेर आहे हेही बडला त्यावरूनच कळतं. घाम, तेल, कानातला मळ तिथे साचला की एक बड केसमधे असूनही त्याला वाटतं आपण बाहेर आहोत, मग तो आतल्या आत चालू राहतो, बॅटरी संपवतो, आणि कधी कधी केस बंद असताना फोनलाच चिकटून बसतो. फोन कानाला लावला आणि आवाज नाही, कारण आवाज केसमधल्या बडमधे जातोय, हा अनुभव खूप जणांना आला असेल.

कापसाच्या काडीला अगदी थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ठिपके आणि पिन पुसा, ५-१० मिनिटं कोरडं होऊ द्या. आवाजाची जाळी मात्र कोरड्या मऊ ब्रशनेच, आणि जाळीचं तोंड खाली धरून, म्हणजे निघालेला मळ बाहेर पडेल, आत जाणार नाही.

सावधान: सुई, टाचणी, ओला कपडा जाळीत अजिबात नको. जाळी फाटली तर आतल्या स्पीकरपर्यंत मळ जातो.

बड्स नवे असतील तर अजून एक बघा. पुष्कळ कंपन्या ठिपक्यांवर पारदर्शक स्टिकर लावून पाठवतात. एका बडचं स्टिकर काढलं आणि दुसऱ्याचं दिसलंच नाही असं सर्रास होतं, आणि मग "नवीन आणलेत आणि उजवा पहिल्या दिवसापासून मेलेला आहे" अशी तक्रार येते.

आता दोन्ही बड केसमधे ठेवून केस चार्जरला लावा आणि किमान अर्धा-पाऊण तास हात लावू नका. एका बडमधे ५ टक्के आणि दुसऱ्यात ९० असताना रिसेट केलं तर कमी चार्जवाला अर्ध्यात बंद पडतो आणि रिसेट एकाच बडचं होतं.

तपासणी: केसमधे ठेवल्यावर दोन्ही बड्सचे लाइट सारखे वागतात का? एकाचा लागतो आणि दुसऱ्याचा नाही, तर पुढे जाऊ नका, परत पुसा.

## टप्पा ३: सगळ्या डिव्हाइसमधून जुनं नाव काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. एक कागद घ्या आणि हे बड्स आजवर कुठे कुठे जोडले ते लिहून काढा: तुमचा फोन, ऑफिसचा लॅपटॉप, घरचा टीव्ही, टॅब, बायकोचा किंवा आईचा फोन, गाडीत एकदा मित्राने जोडलेले. मग त्या प्रत्येकातून नाव काढायचं. बड्स त्या वेळी चालू असायची गरज नाही, उलट केसमधे बंदच असू द्या.

अँड्रॉइडवर `Settings > Connected devices` मधे बड्सच्या नावापुढचं गिअर दाबा आणि `Forget`. सॅमसंगमधे हेच `Connections > Bluetooth` मधे `Unpair` नावाने असतं. आयफोनवर `Settings > Bluetooth`, नावापुढचं गोलातलं i, मग `Forget This Device`. विंडोज ११ वर `Settings > Bluetooth & devices > Devices`, तीन ठिपके, `Remove device`. टीव्हीत रिमोट आणि अ‍ॅक्सेसरीजच्या सेटिंगमधे सापडतं.

नुसतं `Disconnect` करून चालत नाही. त्याने फक्त आत्ताची जोडणी तुटते, नोंद तशीच राहते, आणि पुढच्या वेळी परत तेच डिव्हाइस बड्सना ओढून घेतं.

बड्सचं कंपनीचं अ‍ॅप असेल तर त्यातूनही काढा. एअरपॉड्स असतील तर एक वेगळी गोष्ट, एकदा आयफोनला जोडले की ते त्याच अ‍ॅपल अकाउंटवरच्या आयपॅड आणि मॅकवरही आपोआप येतात, त्यामुळे आयपॅड तुम्ही कधी जोडलाच नसला तरी तो आवाज घेऊ शकतो. तेवढीच तक्रार असेल तर रिसेट नको, आयपॅडवर एअरपॉड्सच्या सेटिंगमधे `Connect to This iPad` मधे `When Last Connected to This iPad` निवडा.

नावं काढून झाली की त्या सगळ्या डिव्हाइसचं ब्लूटूथ बंद करा, तुमच्या फोनचंही.

सावधान: आयफोनवर वरून खाली ओढून येणाऱ्या कंट्रोल सेंटरमधलं ब्लूटूथचं बटण दाबलं तर ब्लूटूथ पूर्ण बंद होत नाही, तात्पुरती जोडणी तुटते आणि दुसऱ्या दिवशी परत चालू. पूर्ण बंद `Settings` मधूनच करा. आणि लॅपटॉपचं नुसतं झाकण लावू नका, काही लॅपटॉप झोपेतसुद्धा ब्लूटूथ धरून ठेवतात.

## टप्पा ४: आता बड्स रिसेट करा

प्रत्येक मॉडेलची पद्धत वेगळी, त्यामुळे डब्यातला कागद किंवा कंपनीच्या साइटवरचं मॅन्युअल काढून मॉडेल नंबरासकट बघा. ढोबळ मानाने तीन प्रकार असतात. काहींच्या केसवर बटण असतं, बड्स आत ठेवून, झाकण उघडं ठेवून ते दाबून धरायचं. काहींमधे केसमधेच ठेवून दोन्ही बड्सच्या टचवर एकदम बोट धरायचं. आणि काही स्वस्त मॉडेलमधे बड्स बाहेर काढून दोन्हीवर एकदम दाबून धरावं लागतं.

इथली मोठी चूक म्हणजे पेअरिंग मोडलाच रिसेट समजणं. बहुतेक बड्समधे तेच बटण ३ सेकंद धरलं की पेअरिंग मोड येतो, लाइट लुकलुकायला लागतो, आणि माणूस बोट उचलतो. याने आत काहीच पुसलं जात नाही. रिसेटसाठी त्याच्या बरंच पुढे, साधारण १० सेकंद किंवा जास्त धरावं लागतं, आणि लाइटचा रंग किंवा लुकलुकण्याची पद्धत दुसऱ्यांदा बदलते. एअरपॉड्सच्या ज्या केसला मागे बटण आहे तिथे साधारण १५ सेकंद धरायचं, लाइट आधी केशरी लुकलुकतो मग पांढरा, तो पांढरा दिसेपर्यंत सोडायचं नाही. मी स्वतः मोठ्याने आकडे मोजतो, मनातल्या मनात मोजले की घाई होतेच.

तपासणी: दुसऱ्यांदा लाइट बदलला का? नसेल बदलला तर रिसेट झालेलं नाही, परत करा.

## टप्पा ५: डावा-उजवा एकमेकांना सापडू द्या

रिसेट झाल्या झाल्या फोन हातात घेऊ नका. दोन्ही बड केसमधे, झाकण बंद, ३० सेकंद थांबा. मग झाकण उघडून दोन्ही बड एकदम बाहेर काढा, एक एक करून नाही, आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. एखादा मिनिट थांबा. फोनचं ब्लूटूथ अजून बंदच.

बहुतेक मॉडेलमधे जुळले की एकाच बडचा लाइट लुकलुकत राहतो आणि दुसऱ्याचा शांत होतो किंवा विझतो. लुकलुकणारा फोनची वाट बघतोय, दुसरा त्याच्या मागे उभा आहे असं समजा. मिनिटभराने सुद्धा दोन्ही सारखेच लुकलुकत असतील तर बहुधा जुळलेले नाहीत, केसमधे ठेवून टप्पा ४ पासून परत.

## टप्पा ६: मग फोन, आणि फक्त एक फोन

आता फोनचं ब्लूटूथ चालू करा आणि नवीन डिव्हाइस शोधा. यादीत बड्सचं नाव एकदाच दिसायला पाहिजे. दोनदा दिसलं, किंवा एकाच्या मागे L आणि दुसऱ्याच्या मागे R असं दिसलं, तर शक्यतो थांबा. दोन्ही नावांवर टॅप करून दोघांना जोडायचा प्रयत्न खूप जण करतात, तिथेच एका कानाचा प्रॉब्लेम परत तयार होतो कारण दोन्ही बड स्वतःला एकटे समजून फोनकडे आलेत. काही जुन्या मॉडेलमधे दोन नावं दिसणं नॉर्मल असतं, पण ते मॅन्युअलमधे लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर टप्पा ५ वर परत जा.

जोडताना फोनने `incorrect PIN or passkey` असं काही दाखवलं तर समजायचं की फोनमधे जुनी नोंद राहिलीय. बड्स ती विसरलेत, फोन विसरलेला नाही. नाव काढा, फोन रिस्टार्ट करा, परत शोधा.

तपासणी: यूट्यूबवर `left right audio test` टाकून एखादा व्हिडिओ लावा. डावीकडचा आवाज डाव्याच कानात येतोय ना? मग एक कॉल करून बघा. मग दोन्ही बड केसमधे ठेवून झाकण बंद, एक मिनिटाने परत काढा, आपोआप दोन्ही जोडले गेले पाहिजेत. हे लागोपाठ तीनदा जमलं तरच झालं म्हणा.

लॅपटॉप, टीव्ही वगैरे लगेच जोडू नका. एक दिवस फोनवरच वापरा, मग एक एक करून वाढवा. म्हणजे परत गडबड झाली तर कुठल्या डिव्हाइसमुळे झाली ते कळतं. टीव्हीला खरंच गरज असेल तरच जोडा, मला विचाराल तर घरातल्या समाईक टीव्हीला कुणाचेही बड्स जोडूच नयेत.

## एकाच घरात दोन सारखे बड्स असतील तर

मावशीकडचा किस्सा सांगतो कारण त्यात दोन्ही तक्रारी एकदम होत्या. तिच्या मुलाचे आणि मुलीचे बड्स एकाच मॉडेलचे, दोन्ही काळे, सेलमधे एकदम घेतलेले. एक दिवस बहिणीचा फोन आला, "दादा, माझ्या एकाच कानात गाणी वाजतायत, आणि मधेच दुसऱ्या कानात याचं क्लासचं लेक्चर ऐकू येतं." दोघांनी आपापले बड्स चार-पाच वेळा रिसेट केले होते, एकाच टेबलावर बसून, दोघांचे फोन चालू ठेवून.

झालं असं होतं की गावाहून येताना गाडीत उजव्या बड्सची अदलाबदल झाली होती. तिच्या केसमधे तिचा डावा आणि त्याचा उजवा. तिचा डावा तिच्या फोनला जायचा, पण त्याचा उजवा ओळखायचा त्याच्याच फोनला, म्हणून तो एकटाच तिकडे जायचा. तिला एका कानात गाणी आणि दुसऱ्यात लेक्चर. नंतर दोघांनी टेबलावर एकदम रिसेट केल्यावर चार बड्स एकाच वेळी जोडीदार शोधत होते आणि जो सापडेल त्याला पकडत होते, म्हणून दर वेळी वेगळंच काहीतरी व्हायचं.

मी गेलो तेव्हा इतक्या रिसेटनंतर कोण कुणाचं हे फोनवरून ओळखता येणार नव्हतं. तुम्ही अजून रिसेट केलं नसेल तर ओळखायची सोपी पद्धत आहे: तुमच्या फोनचं ब्लूटूथ बंद करा, दुसऱ्याच्या फोनचं चालू ठेवा, आणि संशयित बड एकटा बाहेर काढा. तो दुसऱ्याच्या फोनला जोडला गेला तर अदलाबदल झालीय, बड परत बदला, बस्स, रिसेट नको.

इथे मात्र बहिणीच्या उजव्या बडच्या दांडीवर छोटा ओरखडा होता, तो तिने ओळखला. बड आपापल्या केसमधे गेले. मग भावाची केस बंद करून आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवली, दोन्ही फोन आणि लॅपटॉपमधून नाव काढलं, ब्लूटूथ बंद केलं. बहिणीच्या जोडीचं टप्पा ४ ते ६ केलं, तीनदा काढून-ठेवून बघितलं. तिची केस बंद करून कपाटात, मग भावाची बाहेर आणि त्याचं तेच. अर्धा तास गेला त्यातला निम्मा चार्जिंगची वाट बघण्यात.

शेवटी फोनमधे बड्सची नावं बदलली, कारण यादीत दोघांचं नाव सारखंच दिसत असल्यामुळे भाऊ बऱ्याचदा तिच्यावर टॅप करायचा. आणि बहिणीने तिच्या दोन्ही बड्सच्या दांडीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ठिपका दांडीच्या बाहेरच्या बाजूला द्या, चार्जिंगच्या ठिपक्यांवर, माइकच्या छिद्रावर किंवा टचच्या जागेवर नाही.

## रिसेटने सुटणार नाही ते

पुसून, तासभर चार्ज करूनही एका बडचा लाइट लागतच नाही, तर त्याची बॅटरी किंवा आतलं काहीतरी गेलंय. बड किंवा केस चार्जिंगला हाताला चटका बसेल इतकी तापत असेल, फुगल्यासारखी दिसत असेल तर वापर लगेच बंद करा, घरी उघडू नका.

एक बड हरवला म्हणून दुसऱ्याचा किंवा ऑनलाइन मिळालेला सुटा बड आणला असेल तर मॉडेल नंबर अगदी तोच लागतो, आणि तरीही दोघांचं फर्मवेअर वेगळं असेल तर ते जुळायला नकार देऊ शकतात. अशा वेळी सर्व्हिस सेंटरलाच जोडून मागा. वॉरंटीत असताना जाणार असाल तर बिल, केस आणि दोन्ही बड घेऊन जा, नुसता बिघडलेला बड नको, कारण जोडी तपासायला त्यांना तिन्ही लागतात. आणि टप्पा १ मधे काय दिसलं ते सांगा, "उजवा एकटा जोडला जातो पण आवाज नाही" किंवा "लाइटच लागत नाही", म्हणजे ते परत रिसेट करून तेच बड्स तुमच्या हातात देणार नाहीत.